बाबागाडीवरचं ओलं लुगडं

माझी मुलगी पहिले साडेतीन महिने झोपली नाही. असं सांगितलं की लोक हसतात. लेकरू आणि झोपत नाही, असं कुठं असतं का, म्हणतात. झोपायची, पण वीस मिनिटं. मग वरचा पत्रा उन्हानं तडतडला की दोन्ही हात फेकून दचकायची आणि बोंब ठोकायची. रात्री दर तासाला उठायची. मी संतपूरच्या शाळेत मास्तरीण. चाळीस पोरांचा कल्ला डोळा न लवता आवरणारी बाई, पण ह्या चार किलोच्या जिवानं मला गुडघ्यावर आणलं होतं. एकदा दुपारी भरला तांब्या मी भिंतीवर असा फेकून मारला की गिलाव्याचा पोपडा पडला. कुणावर मारला नाही, एवढंच. त्या आवाजानं ती परत उठली, आणि मग मी आणि ती दोघी मिळून रडलो.

माझा स्वभाव तापटच. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकावर राग बसलेलाच असतो. पण झोप मोडलेल्या माणसाचा राग वेगळा. त्याला कारण लागत नाही, फक्त समोर कुणीतरी लागतं. आमच्या घरी समोर एकच माणूस असायचं, माझी सासू. नवरा दिवस उजाडला की शेतात.

मला गाडी दिली ती नौबादला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेनं. तिचा मुलगा कुठल्याशा बर्फाच्या देशात नोकरीला आहे. नातवाच्या वेळी ती चार महिने तिकडं राहून आली. ती सांगायची, "अगं, तिकडं लेकरं बाहेर झोपवतात. अंगणात, गॅलरीत, बर्फ पडायलाय तरी. लोकरीत गुंडाळून गाडीत घालायचं आणि ठेवून द्यायचं. दोन-दोन तास हूं की चूं न्हाई." तिच्या मुलानं इकडच्या फेरीसाठी घेतलेली बाबागाडी तिच्या जिन्याखाली पडून होती. खाटेसारखी सपाट तळाची, वर अर्धगोल छत, चाकाला ब्रेक. मी ती मागून आणली. टेम्पोत घालून आणताना रस्त्यावरची माणसं माना वळवून बघत होती.

सासूनं गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "झोळी काय मेली व्हय? आमच्या सगळ्यांची लेकरं लुगड्याच्या झोळीत वाढली, शेताच्या बांधावर, झाडाखाली. ही मढ्याची गाडी कामून आणलीस?"

"मढं म्हणू नका," मी म्हणाले, आणि माझा आवाज असा होता की ती दोन पावलं मागं सरली.

पण खरं सांगायचं तर तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. बाहेर झोपवणं ही काही बर्फाच्या देशाची मालकी नव्हे. आमच्या शिवारात काढणीला जाणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या लेकरं बाहेरच झोपवत आल्या. फक्त झोळीत लेकरू दुमडतं, हनुवटी छातीला लागते, आणि आत काय चाललंय ते वरून दिसत नाही. गाडीत ते सपाट, उताणं राहतं. नर्सबाईनं मला बाळंतपणातच बजावून सांगितलं होतं: उताणं, कडक गादीवर, उशी नको, तोंडाजवळ काही नको.

उशीवरून पहिली मारामारी झाली. सासूनं मोहरीची उशी शिवून ठेवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. तिनं ती गुपचूप गाडीत सरकवली. मी काढली. तिनं परत ठेवली. तिसऱ्या वेळी मी ती दोन्ही हातांनी धरून फाडली. मोहरी साऱ्या अंगणात उडाली, कोंबड्या धावल्या. सासू खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली आणि मी तिच्या समोरून पाय आपटत गेले. तिच्या आईनं तिला शिकवलेलं ते शिवण होतं. तेव्हा मात्र मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. पौषातली थंड सकाळ, नऊ वाजलेले. एक सुती झबलं, एक पातळ दुपटं कमरेपर्यंत, वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधलेली, चाकाला ब्रेक आणि शिवाय एक दगड, कारण अंगणाला उतार. ठेवली, आणि दहा पावलांवर बसून तूर निवडायला लागले. पोरगी पानांकडं बघत राहिली. मग पापण्या मिटल्या. अर्धा तास झाला, तास झाला. मी उठून मानेच्या मागं हात घालून बघितलं. कोमट, कोरडी. छाती खालीवर होत होती. ती एक तास चाळीस मिनिटं झोपली. मी तुरीचं सूप मांडीवर तसंच ठेवून रडले.

हे रोजचं झालं. हवेनं म्हणा, पानांच्या आवाजानं म्हणा, पत्र्याचा तडतडाट कानाशी नव्हता म्हणून म्हणा, ती बाहेर लांब झोपायची. आणि दहा-बारा दिवसांनी रात्रही बदलली. सलग चार तास! मी मध्येच घाबरून उठायचे, ही का उठली नाही म्हणून. तालुक्याच्या दवाखान्यात लस द्यायला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना फुशारकीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवसाचा उजेड अंगावर पडला की लेकराला दिवस कुठला, रात्र कुठली ते हळूहळू कळायला लागतं. थोडं त्यानं, थोडं तिचं वयच झालं म्हणून. गाडीत जादू न्हाई. पण चांगलं चाललंय, चालू ठेवा. फक्त एकटं सोडू नका."

एकटं सोडलं नाही. सासूनंच सोडलं नाही. गाडीला नावं ठेवायची, पण गाडीपाशी खुंट्यासारखी बसायची. एकदा गल्लीतलं एक पिवळं कुत्रं येऊन गाडीच्या काठावर पंजे टाकून आत हुंगायला लागलं. मी ओरडायच्या आत म्हातारीनं धुण्याचं दांडकं उचललं आणि त्याच्या पाठीत असं हाणलं की मला हाड वाजल्याचं ऐकू आलं. ते केकाटत, मागचा पाय ओढत गेलं. म्हातारी त्याला दाराबाहेर घालवून आली. "माज्या लेकराला हुंगायलंय भाड्या," म्हणाली, आणि दांडकं मांडीवर घेऊन परत बसली. मुलगी उठलीसुद्धा नाही.

आता ज्या दिवसाचं सांगायचं तो दिवस.

फाल्गुन लागला होता. दोन गोष्टी हळूहळू बदलल्या होत्या आणि माझ्या ध्यानात आल्या नव्हत्या. मुलीची झोप सरकत सरकत नवावरून अकरावर आली होती. आणि लिंब झडत होता. रोज सकाळी अंगण झाडताना पिवळ्या पानांचा ढीग मीच लोटत होते. मीच लोटत होते, तरी वर बघून सावली किती उरलीय ते एकदाही बघितलं नाही.

आदल्या रात्री मुलीला लसीचा ताप नव्हता, दात नव्हते, काही नव्हतं, तरी ती जागली. अकराला ती गाडीत झोपली. शेजारच्या मोकळ्या जागेत हरभऱ्याच्या मळणीचं यंत्र सुरू झालं होतं, भुसा उडत होता. मला उभ्या उभ्या पेंग येत होती. मी सासूला म्हणाले, "आत्याबाई, मी जरा पडते. तिच्यावर धूळ पडू देऊ नका, आणि ऊन लागू देऊ नका."

"व्हय, जा. झोप तू. म्या हाय न्हवं," ती म्हणाली.

मी झोपले. चांगली सव्वा तास मेल्यासारखी झोपले.

उठले तेव्हा यंत्र बंद होतं. बाहेर आले. सासू गाडीला टेकून बसली होती, हातात तांब्या. आणि गाडीवर, छतापासून खालच्या चाकांपर्यंत, चारी बाजूंनी तिचं जाड इरकल लुगडं नीट गुंडाळलेलं होतं. खालचा काठ अजून ओला, वरचा भाग वाळून कडक झालेला. लिंबाच्या उघड्या फांद्यांतून ऊन सरळ त्यावर पडत होतं.

मी लुगडं ओढलं. आतून वाफ आली. रांजणाचं झाकण काढल्यावर गार वारा येतो ना, त्याच्या उलट. मुलगी लालबुंद, केस डोक्याला चिकटलेले, तोंड उघडं. मी उचललं तर मान मागं पडली. हात लोंबले. डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. ती रडली नाही. साडेतीन महिने ज्या रडण्याला मी शिव्या दिल्या होत्या ते मी त्या क्षणी देवाबिवाकडंच काय, कुणाकडंही पदर पसरून मागितलं असतं.

"ऊन लागायलतं, म्हणून टाकलं," सासू म्हणत होती. "पाणी मारायलते की दर घडीला. रांजणाला मारतोय तसं. गारच हाय ग आत, गारच हाय..."

मुलीला मी बाजेवर ठेवलं, झबलं फाडून काढलं. आणि मग मी वळले. हे लिहायला मला हात जड जातो, पण लिहिते. मी म्हातारीचा अंबाडा मुठीत धरला. तिला फरपटत गाडीपाशी आणलं, डोकं त्या छताखाली कोंबलं आणि वरून ते लुगडं ओढलं. "गार हाय? गार हाय? घे, बघ, घे श्वास, घे!" मी किंचाळत होते. ती हात झाडत होती. गाडी कलंडली, ती गाडीवरून पलीकडं पडली, तळहातावर. कट्‌कन आवाज आला. कुत्र्याच्या वेळी आला होता तसलाच.

ती ओरडली नाही. उठून बसली, मनगट मांडीत दाबलं आणि म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. लेकराला बघ."

मी मुलीला आतल्या जमिनीवर, पंख्याखाली नेलं. साध्या पाण्यात फडकं भिजवून अंग पुसलं, काखा, मान, जांघा. छातीशी लावलं. दोनदा ओठ हलले, मग थांबले. मी तिला तशीच पदराखाली घेऊन रस्त्यावर पळाले. शेजाऱ्याची रिक्षा मिळाली. सासू मागून धावत आली, डाव्या हातात ओलं फडकं, उजवा हात पदरात. रिक्षात ती सारा रस्ता त्या डाव्या हातानं मुलीचे तळपाय पुसत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुतेक रिक्षातून ढकललं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला आणि ओठ आवळले. पंखा, कोमट पाण्याचं पुसणं, मध्ये मध्ये अंगावर पाजणं, जमलं नाही तेव्हा वाटीनं माझंच दूध काढून. कुणीतरी म्हणालं, साखरेचं पाणी द्या. बाईंनी त्याला बाहेर काढलं. तासाभरानं मुलीनं नीट तोंडानं ओढायला सुरुवात केली. आणखी थोड्या वेळानं तिनं दुपटं ओलं केलं. तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या, आणि लगेच माझ्यावर भडकल्या.

"कापड कुणी टाकलं?"

"म्या टाकलं," सासू कोपऱ्यातून म्हणाली. "रांजणावानी गार व्हतंय म्हणून."

"आजी, रांजणाला चारी बाजूंनी वारा लागतो, म्हणून पाणी गार पडतं. तुम्ही वाराच बंद केला. आणि रांजणाला श्वास घ्यायचा नसतो. नुसता पातळ पंचा टाकला तरी गाडीच्या आत गरमी कोंडते, हे तर जाड लुगडं. ओलं असताना वाफ, वाळल्यावर भट्टी." मग मला म्हणाल्या, "आणि तू शिकलेली. सावली कशाची होती? फाल्गुनात लिंबाची? दुपारच्या बाराला?"

मी मुलीचं ओलं दुपटं बदलायला घेतलं.

मग बाईंचं लक्ष सासूच्या हाताकडं गेलं. मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. "हे कशानं?"

सासूनं माझ्याकडं बघितलंही नाही. "पळताना घसरले," म्हणाली.

अजून दहा मिनिटं मिळाली असती तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. वेळ भरपूर होता. मी बोलले नाही.

नवरा संध्याकाळी शेतातून थेट दवाखान्यात आला. लेकीला बघितलं, आईचं प्लास्टर बघितलं, आणि त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. बाईंनी घरी सोडलं तसं तो आम्हाला घेऊन आला. अंगणात आल्यावर त्यानं कुऱ्हाड काढली. कलंडलेली गाडी सरळ उभी केली, जसं एखाद्या माणसाला मारण्याआधी उभं करतात, आणि पहिला घाव छतावर घातला. कापड टरकन फाटलं, वरचा गज वाकला.

"मोडतो हिला! बर्फातल्या लोकाची थेरं आमच्या दारात कामून?"

दुसऱ्या घावाला कुऱ्हाड वर गेली तेव्हा सासू मध्ये घुसली. प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या हातानं तिनं लेकाच्या थोबाडीत मारली. चाळिशीला टेकलेल्या, दोन एकरांच्या मालक लेकाच्या! आवाज गल्लीभर गेला.

"गाडीनं काय केलं रं? फडकं म्या टाकलं. झोपली ही. आमी दोघी लेकराला मारायलतो, गाडीनं न्हाई. चार मयने तुजी लेक घरात झोपली न्हाई, त्या गाडीत झोपली. मोडायचं तर मला मोड."

त्यानं कुऱ्हाड जमिनीत रोवली आणि मागच्या दारी जाऊन बसला. मी मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी होते. त्या घरात त्या दिवशी खरं बोलायची हिंमत एकाच माणसाला झाली होती, आणि तिनंही माझं तेवढं एक झाकलं होतं.

आठवडाभर मुलगी घरातच झोपवली. म्हणजे झोपली नाहीच. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा रात्रभर फेऱ्या. आठव्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर सासू गाडी पुसत होती. छताचं फाटकं कापड तिनं एका हातानं कापून टाकलं होतं, वाकलेला गज दगडानं ठोकून काढला होता. गाडी तिनं लेकाला अंगणातून उचलायला लावून घराच्या पश्चिम भिंतीशी आणली होती, तिथं दहा वाजेपर्यंत भिंतीची दाट सावली असते. "धाला आत न्यायची," ती म्हणाली. "ऊन आदी येऊ लागलं की वेळबी आदी." आठ वाजले होते. मी मुलीला उताणं ठेवलं, नुसती जाळी बांधली, मध्ये काही नाही. ती झोपली. दीड तास.

तेव्हापासून माझी बाळंतपणाची रजा संपून शाळा सुरू होईपर्यंत रोज तेच. सासू शेजारी बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं जाळी उचलून डाव्या हाताची बोटं मुलीच्या मानेमागं घालायची. उजवा प्लास्टरमध्ये होता म्हणून डावा. घाम लागला की दुपटं काढायची, सावली सरकली की गाडी सरकवायची. मला बोलावायची नाही. मुलगी रात्री पुन्हा सलग झोपायला लागली, तिचे गाल भरले. मी झोपले. नवरा हसायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्या घरात काही झालंच नाही.

मी रोज ठरवायचे, आज बोलेन. आत्याबाई, माझं चुकलं, एवढंच. तीन शब्द. वर्गात फळ्यावर रोज तीनशे लिहिते.

प्लास्टर काढायच्या आदल्या सकाळी मी ठरवूनच गेले. ती पाठमोरी होती, गाडीशी वाकलेली. तिच्या पदरावर लिंबाचा एक सुरवंट चढत होता. तो झटकायला मी मागून हात उचलला. उचललेला हात तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला असणार. म्हातारी झटकन खाली बसली, प्लास्टरचा हात डोक्यावर धरला, अंबाडा दुसऱ्या हातानं झाकला, आणि मुलगी उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"न्हाई टाकलं ग, बाई. बग की, काईच न्हाई टाकलं."